सपोर्ट टीमला स्प्रिंटवरून कानबानवर नेण्याआधी

बोर्ड, रकाने, रंगीत कार्डं हे तुम्ही करालच, त्यावर शब्द घालवत नाही. मागच्या खेपेला आमच्याकडेही तेवढं झकास झालं होतं. राहिलं ते एकच: ‘Waiting for customer’ या रकान्याला मर्यादा घालायची. ते या यादीत पुन्हापुन्हा येईल, कंटाळलात तरी वाचा.

सगळ्यात आधी गेल्या दोन-तीन महिन्यांची बंद झालेली तिकिटं काढा आणि प्रत्येक तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंत किती दिवस गेले ते मांडा. सरासरीवर थांबू नका, कारण चार रेंगाळलेली तिकिटं तिला कुठेही ओढून नेतात. दिवस चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातला पंच्याऐंशीवा आकडा बघा. तो 9 दिवस आला, तर ‘पंच्याऐंशी टक्के तिकिटं 9 दिवसांच्या आत सुटतात’ असं ग्राहकाला सांगता येतं. स्प्रिंटच्या व्हेलॉसिटीतून हे उत्तर निघत नाही. पॉइंट किती झाले याच्याशी ग्राहकाला काय देणंघेणं? शिवाय सोमवारी आखलेल्या स्प्रिंटमध्ये बुधवारी सर्व्हर झोपला की अर्धी आखणी तिथेच बाद होते. टीमकडे ठरलेली मोठी कामं असतील, उदाहरणार्थ नव्या आवृत्तीवर जाणं, तर त्यांच्यासाठी स्प्रिंट खुशाल ठेवा. रोज येणाऱ्या तिकिटांना तो जाच आहे.

मग मर्यादा. पुस्तकी आकडा शोधू नका. आज हातात किती तिकिटं आहेत ते मोजा, त्याच्या किंचित खाली सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक-दोन कमी करा. मर्यादा भरली की मोकळ्या माणसाने काय करायचं, हेही बोर्डावरच लिहा: नवं तिकीट ओढायचं नाही, अडकलेल्या तिकिटापाशी जाऊन बसायचं. हे लिहिलं नाहीत तर पहिल्या गर्दीच्या दिवशी मर्यादा मोडते आणि मोडलेली कोणी परत जोडत नाही.

आता तो रकाना. समजा सहा जणांची टीम आहे, रोज सरासरी 5 तिकिटं बंद होतात आणि ‘In progress’मध्ये 10 आहेत. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो: सरासरी वेळ म्हणजे हातातलं काम भागिले रोज संपणारं काम. म्हणजे 2 दिवस. वा! पण शेजारच्या ‘Waiting for customer’मध्ये 40 पडली आहेत. ती धरली तर 50 भागिले 5, म्हणजे 10 दिवस, आणि ग्राहक भोगतो ते हे 10. (येणारी आणि संपणारी तिकिटं साधारण सारखी असतील तरच हा हिशेब खरा, ढीग वाढतच असेल तर आकडा फसवतो.)

आमच्या मर्यादेचा तर कचरा सतरंजीखाली सारण्याचा प्रकार झाला. जागा मोकळी करायची म्हणून लोक ग्राहकाला ‘लॉग पाठवता का?’ असा एखादा प्रश्न टाकत आणि तिकीट तिकडे ढकलत. ‘In progress’ कायम मर्यादेत. त्यात जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये या स्थितीला एसएलएचं घड्याळ सहसा थांबवलेलं असतं, त्यामुळे अहवालही हिरवागार! दोन गोष्टी करा: या रकान्याला मर्यादा घाला, आणि तुमच्या मोजणीतलं घड्याळ तिथे थांबवू नका. करारातल्या एसएलएचं थांबत असेल तर थांबू दे, तो हिशेब वेगळा. उत्तर न आल्यास किती दिवसांनी आठवण करायची आणि कधी तिकीट बंद करायचं, तेही ठरवा. नाहीतर मर्यादा भरून टीम ठप्प होईल आणि कोणीतरी मर्यादाच काढून टाकेल.

तातडीच्या कामाला वेगळी पट्टी, तिच्यात एका वेळी एकच तिकीट. दुसरं घालायचं असेल तर पहिलं बाहेर काढायला मॅनेजरने स्वतः यावं. सगळंच तातडीचं असेल तर पट्टी कशाला?

रोजच्या स्टँडअपला माणसांना विचारत फिरू नका. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, सगळ्यात जुन्या तिकिटापासून. वय 9 दिवसांकडे सरकतंय असं तिकीट दिसलं की आधी ते. बंद झाल्यावर मोजून काय उपयोग? आणि हो, ‘Waiting for customer’मधल्यांचं वयसुद्धा यात धरायचं.

बाकी किरकोळ. आठवड्याला किती बंद झाली ते लिहून ठेवा. रेट्रो चालू ठेवा, स्प्रिंट गेला म्हणून तो जात नाही. पॉइंट सोडा. मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की वाट पाहणारी तिकिटं धरल्यावर आकडा आधीपेक्षा वाईट दिसेल, नाहीतर महिनाअखेरीला तोच म्हणेल, ‘तो रकाना मोजणीतून काढा.’