जोतिराव फुले यांच्या कालरेषेत होणाऱ्या चुका : साल दोनदा तपासूनही चुकतं ते असं

वर्गासाठी जोतिरावांच्या कालरेषेचा तक्ता करताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच हातून आलेल्या दोन संदर्भांना दोन संदर्भ मानणं. दोन संकेतस्थळांवर तेच वाक्य दिसत असेल, तर तो एकच संदर्भ धरा. छापील पुस्तकांतही हा सापळा असतो. धनंजय कीर यांनी जोतिरावांचं चरित्र लिहिलं आणि शासनाच्या 'समग्र वाङ्मया'च्या मूळ संपादकांतही तेच होते. म्हणून चरित्रातलं साल त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेशी जुळलं, तर पडताळणी झाली असं नाही. ग्रंथातला जोतिरावांचा स्वतःचा मजकूर मात्र वेगळा संदर्भ ठरतो.

अर्थात, तोही जसाच्या तसा उतरवू नका. 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ते मुलींची शाळा 'सुमारे 1854'मध्ये काढल्याचं सांगतात, तर चरित्रं 1848 म्हणतात. अशा वेळी बहुमत मोजून उपयोग नाही. पक्की तारीख असलेली तिसरी घटना शोधा. शाळांच्या कामाबद्दल मेजर कँडी यांच्या हस्ते विश्रामबागवाड्यात त्यांचा सत्कार झाला, तो 16 नोव्हेंबर 1852 रोजी. म्हणजे 1854 बाद. ते साल जवळपास तीन दशकांनी, आठवणीतून सांगितलेलं आहे आणि 'सुमारे' हा शब्दच तसं सुचवतो. भिडेवाड्यातली ही शाळा नेमकी कोणत्या दिवशी सुरू झाली याबद्दलही मतभेद आहेत, कुठे 1 जानेवारी तर कुठे ऑगस्ट. तक्त्यावर नुसतं '1848' लिहा. मुलांना तारीख हवीच असते, पण इथे आवरा.

जुन्या मजकुरात शके साल असेल तर इंग्रजी सालासाठी सरसकट 78 मिळवल्याने जानेवारी ते मार्चमधल्या घटना वर्षभर मागे जातात. सावित्रीबाईंचा जन्म शके 1752च्या पौषातला. 78 मिळवले की 1830 येतं, पण 3 जानेवारी उजाडेपर्यंत इंग्रजी साल बदललेलं होतं, म्हणून 79 मिळवून 1831.

पुस्तकांपुढे 'लेखन' की 'प्रकाशन' ते लिहा. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' 1891मध्ये छापलं गेलं आणि जोतिराव 28 नोव्हेंबर 1890 रोजी गेले. नुसतं साल दिलं की वर्गातलं कुणीतरी विचारणारच.

आता मापाचं. 1827 ते 1891 ही 64 वर्षं, वर्षाला 3 सेंमी धरले तर रेघ 192 सेंमीची होते. 71 सेंमी लांबीचे तीन कार्डशीट 2-2 सेंमी एकमेकांवर चिकटवले की 209 सेंमी मिळतात. दोन्हीकडे सारखा समास सोडलात तर पहिला जोड नेमका 1848ला खेटतो आणि तिथलं अक्षर सुरकुततं. डावीकडे 12 आणि उजवीकडे 5 सेंमी सोडा. 1851 आणि 1852 अशा लागोपाठच्या सालांत जेमतेम 3 सेंमी असतात, त्यामुळे एक चिठ्ठी रेघेच्या वर, दुसरी खाली. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे दोन्ही संदर्भांचे पानक्रमांक पेन्सिलीने लिहा आणि तिची फक्त वरची कड चिकटवा, म्हणजे शंका आली की उचलून बघता येतं.