व्हीपीएनमुळे मेलचं खातं लॉक झालं तेव्हा

सकाळी मेल उघडायला गेलो तर खातं लॉक. फोनवर सूचना: ‘नेदरलँड्समधून साइन-इनचा प्रयत्न’. दोन मिनिटं खरंच घाबरलो. मग लक्षात आलं, तो परदेशातला चोर मीच! व्हीपीएन आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेतं, त्यामुळे आपण त्या सर्व्हरच्या देशात दिसतो. माझं ‘सर्वात वेगवान सर्व्हर’वर होतं आणि रात्रीतून त्यानं देश बदलला होता. त्यात फोन घरच्या वायफायवरून तेच खातं सिंक करत होता. दहा मिनिटांत माणूस दोन देशांत कसा, असा संशय सर्व्हरला येणारच.

मी आधी चूक केली: व्हीपीएन चालू ठेवूनच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला. त्यानं संशय वाढतोच. मग व्हीपीएन बंद केलं, नेहमीच्या ब्राउझरमधून आलो, सूचनेतली वेळ माझ्याच लॉगिनची आहे हे ताडून ‘हा मीच होतो’ निवडलं. वेळ जुळली नसती तर पासवर्डच बदलला असता.

आता सर्व्हर आपल्याच देशातला एकच ठरवून ठेवलाय. बँक आणि मेलची ॲप्स स्प्लिट टनेलिंगमध्ये व्हीपीएनबाहेर काढली. मात्र ब्राउझर बंद करताना कुकीज पुसल्या जात असतील, तर दर वेळी नवं उपकरण समजून कोड मागतातच.