मण्यावर पांढरं दिसतंय, ते औषधच का? फोटोवरून माल तपासताना

काढणी सुरू झाली की फोनवर फोटो येऊ लागतात. उघडलेलं खोकं, त्यात द्राक्षाचा घड, मण्यांवर पांढुरका थर आणि खाली एकच ओळ: "यावर औषध दिसतंय, माल परत नेणार का?" अशा वेळी घाबरून भाव पाडू नका आणि तिरमिरीत भांडूही नका. त्या फोटोतून किती कळू शकतं, ते आधी समजून घ्या.

द्राक्षाच्या मण्यावर त्याचा स्वतःचा मेणासारखा थर असतो. बागायतदार त्याला ब्लूम म्हणतात. हा थर सगळ्या मण्यावर सारखा, धुक्यासारखा पसरलेला असतो. बोट लावलं की तिथे चकचकीत ठसा उमटतो. पाणी टाकलं तर थेंब गोळा होऊन घरंगळतो. फोटोत हे ठसे दिसत असतील, तर पांढरेपणाचा बराचसा भाग ब्लूमचा असण्याची शक्यता मोठी. उलट, ब्लूम जागेवर असणं हे माल फार हाताळला गेला नाही याची खूण आहे.

वाळलेल्या फवारणीचं रूप वेगळं असतं. वेलीवर लोंबणाऱ्या घडात थेंब ओघळून मण्याच्या खालच्या टोकाला थांबतो आणि तिथेच वाळतो. पाणी उडून जातं, विरघळलेला माल थेंबाच्या कडेला साचतो. म्हणून डागाची कड गडद आणि मध्य फिकट दिसतो, अगदी चहाच्या कपाचा टेबलावर राहिलेला गोल असावा तसा. असे डाग देठावर आणि बाहेरच्या मण्यांवर जास्त असतात, घडाच्या आतल्या मण्यांवर कमी. तिसरी शक्यता भुरीची. ती राखाडी पावडरीसारखी, ठिकठिकाणी असते, पुसली तरी खालची साल खरबरीत आणि तपकिरी राहते, कधी मणी तडकतो. दहापट भिंगातून तिचे तंतू दिसतात. मोबाइलच्या साध्या फोटोत मात्र भुरी आणि डाग यांत गल्लत होणं सोपं आहे.

गेल्या हंगामात एका बागायतदाराला असाच फोटो आला होता. फ्लॅश मारून काढलेला, सगळा घड पांढराफटक. मी त्याला म्हटलं, "दादा, समोरच्याकडून आणखी तीन फोटो मागव. फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात. एक फोटो घड वेलीवर लोंबतो तसा देठाने धरून, एक मण्याच्या खालच्या टोकाचा अगदी जवळून, आणि एक मणी अर्धा पुसून." शेजारी पांढरा कागद ठेवायलाही सांगितलं, कारण कॅमेरा उजेड आपल्या मर्जीने फिरवतो आणि फिकट रंग आणखी फिकट करतो.

फोटो आले. सगळीकडे हलका ब्लूम होताच, पण बाहेरच्या मण्यांच्या टोकाशी ते गोल डागही होते. म्हणजे इथे थेंब वाळला होता, एवढं फोटोने सांगितलं. थेंब कशाचा, ते सांगितलं नाही. त्यासाठी फवारणीची वही उघडली. काढणीच्या बारा दिवस आधी कॅल्शियमची फवारणी होती आणि त्याच्या बऱ्याच आधी एक आंतरप्रवाही बुरशीनाशक मारलेलं. डाग बहुधा कॅल्शियमचे. पण प्रश्न डागांचा नव्हताच, बुरशीनाशकाचा होता, आणि ते सालीच्या आत शिरलेलं असतं. मग डाग असलेले घड आणि स्वच्छ दिसणारे घड असे दोन वेगळे नमुने प्रयोगशाळेत दिले. दोन्हींत तेच बुरशीनाशक सापडलं, जवळपास सारख्याच प्रमाणात, आणि मर्यादेच्या आत. पांढऱ्या ठिपक्यांचा त्या आकड्याशी काही संबंधच नव्हता.

असं का, ते एका हिशेबात कळतं. युरोपीय संघात ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे शंभर टन फळात एक ग्रॅम. एवढंसं औषध कुठल्याही कॅमेऱ्याला दिसणार नाही, कितीही मेगापिक्सेल असले तरी. डोळ्याला जे दिसतं ते बहुतेक वेळा कॅल्शियम, चुना, गंधक किंवा ताम्रयुक्त औषधाचं असतं. डाग दिसला म्हणून माल मर्यादेबाहेर ठरत नाही आणि डाग नाही म्हणून तो सुटतही नाही. औषधाचा अंश ठरवायचा तर प्रयोगशाळेतली तपासणीच हवी, आणि नमुनाही नीट घ्यायला हवा: अनेक खोक्यांतून मिळून एक-दोन किलो, न धुतलेला, स्वच्छ पिशवीत, थंड ठेवून लवकर पोहोचवलेला. औषधाच्या हाताने नमुना घेऊ नका. मी हे होताना पाहिलंय आणि नंतरचा मनस्ताप मोठा असतो.

आता केळी आणि आंबा. "साल पिवळीधमक, देठ हिरवा, म्हणजे कार्बाइड" असा फोटो दर हंगामात फिरतो. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनसारखंच काम करतो. इथिलीन तर फळ स्वतःही तयार करतं आणि पिकवणगृहातही तेच सोडतात. तिन्ही वाटांनी साल पिवळी होते, त्यामुळे रंगावरून वाट ओळखता येत नाही. रंगावर जास्त पकड तापमानाची असते. नेहमीच्या विक्रीच्या वाणांची केळी १६ ते १८ अंशांच्या आसपास पिकवली की छान पिवळी होतात, आणि सुमारे २४ अंशांच्या वर पिकली तर गर मऊ होऊनही साल हिरवट राहते. म्हणजे हिरव्या सालीचं केळं कच्चं नसेलही आणि पिवळं केळं कार्बाइडचं नसेलही. खोक्याच्या फोटोत मात्र एक गोष्ट सापडू शकते: फळांमध्ये ठेवलेल्या पावडरीच्या पुड्या किंवा तळाशी सांडलेला राखाडी-पांढरा चुरा. तो पुरावा खोक्याचा आहे, फळाच्या रंगाचा नाही. कार्बाइडला येणारा लसणासारखा वास फोटोत येत नाही, म्हणून खोकं उघडणाऱ्याला "वास कसा होता" हे आधी विचारा. अशुद्ध कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि त्यावर अनेक देशांत बंदी आहे, तेव्हा तुमच्या मालाबरोबर खोक्यात काय जातं ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं.

सफरचंदाच्या मेणाबद्दल थोडक्यात. सुरीने खरवडून पांढरा भुगा काढल्याचे व्हिडिओ खूप दिसतात. पण न लेपलेल्या सफरचंदावरही स्वतःचं मेण असतं आणि खरवडलं की तेही निघतं. काही वाण तर साठवणीत आपोआप तेलकट होतात. फोटोतला चकाकीचा ठिपका लेपापेक्षा दिव्याच्या दिशेवर जास्त अवलंबून असतो. लाखेचा लेप दिलेलं फळ शीतगृहातून गरम हवेत आलं, त्यावर दव धरलं, की लेप पांढरट होतो आणि लोक त्याला बुरशी किंवा औषध समजतात. लेप कोणता, हे लेबलावरून कळेल, नाहीतर चाचणीतून.

तक्रारीचा फोटो आला की पहिलं काम म्हणजे खोक्यावरचा लॉट क्रमांक आणि पॅकिंगची तारीख त्याच फोटोत मागवणे. त्या लॉटची फवारणीची वही, औषधांच्या बाटल्यांवरचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ आणि काढणीचा दिवस ताडून पाहा. प्रतीक्षा काळ पाळला असेल तर वहीच्या त्या पानाचा फोटो काढून समोरच्याला पाठवा. पाळला नसेल, तर त्या लॉटचा उरलेला माल विक्रीला काढू नका, आधी नमुना द्या.