पाणी उकळताय? या चुका टाळा (आणि लेहला जाणाऱ्यांनी नक्की वाचा)

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट वाढायला लागले आणि सगळीकडे एकच सल्ला फिरायला लागला, पाणी उकळून प्या. सल्ला बरोबरच होता. पण उकळायचं म्हणजे किती, हे विचारलं की प्रत्येक घरात वेगळं उत्तर. आजी म्हणते वीस मिनिटं, सून म्हणते वाफ आली की बंद, होस्टेलवरची पोरं गीझरचं गरम पाणी बाटलीत भरून मोकळी. त्यात कोणी लडाखला निघालं की नवीनच शंका, तिकडे म्हणे पाणी कमी तापमानाला उकळतं, मग जंतू मरतात की नाही?

सुरुवात सगळ्यात कॉमन चुकीपासून करू.

बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद करणं

पातेलं गॅसवर ठेवलं की थोड्या वेळात तळाला आणि कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ही उकळी नाही! पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय एवढंच, आणि तेव्हा पाणी बऱ्याचदा पन्नास-साठ डिग्रीच्या आसपासच असतं. त्यानंतर भांडं सूं सूं आवाज करायला लागतं, तळाशी वाफेचे बुडबुडे होतात पण वरच्या थंड पाण्यात येईपर्यंत जिरून जातात, इथेही लोक फसतात कारण वर वाफ दिसायला लागलेली असते. खरी उकळी म्हणजे भाताचं आधण येतं तशी, पूर्ण तळातून मोठे बुडबुडे वर येऊन फुटतायत, पाणी खळाखळा हलतंय आणि चमचा घालून ढवळलं तरी ते थांबत नाही. ढवळल्यावर शांत झालं तर समजा अजून व्हायचंय. थर्मामीटरची काही गरज नाही, ही खूण पुरते, आणि उंचावर सुद्धा हीच खूण चालते.

वेळ मोजायची ती इथून, गॅस पेटवल्यापासून नाही. आणि मध्येच कोणी "अजून दोन तांबे पाणी घाल गं" म्हणून कच्चं पाणी ओतलं की मोजणी पुन्हा शून्यावर, परत खळखळू द्यायचं आणि मग मोजायचं.

गीझरचं पाणी साधारण पन्नास-साठ डिग्रीवर थांबतं आणि टाकीत गाळ साचलेला असतो तो वेगळाच, त्यामुळे हॉटेलमध्ये नळाचं "गरम" पाणी म्हणजे उकळलेलं पाणी असं कृपया धरू नका.

वीस मिनिटं उकळत ठेवणं

यात पाणी बिघडत नाही, गॅस जातो. पाण्यातून पोटात जाणारे जंतू, म्हणजे कॉलरा, टायफॉइड, जुलाब करणारे, शिवाय क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम, हे सगळे शंभर डिग्रीच्या बरेच आधी मरायला लागतात. दूध पाश्चराइज करताना ७२ डिग्रीला १५ सेकंद ठेवलं तरी भागतं. त्यामुळे पाणी खळखळेपर्यंत पोचलं तोवर बहुतेक काम झालेलंच असतं, पाणी तापताना आणि नंतर निवताना सत्तरच्या वर जो वेळ घालवतं तोही मोजणीत आपल्या बाजूनेच असतो. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की खळखळून उकळी आली की पुरे. अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी त्यावर एक मिनिट ठेवायला सांगते, आणि घरच्यासाठी मी हेच एक मिनिट धरेन कारण खरी उकळी कुठली यात आपण थोडे चुकलो तरी ते मिनिट सांभाळून घेतं.

आता हिशोब बघा. पाच लिटर पाणी २५ डिग्रीवरून शंभरला न्यायला साधारण १५७० किलोज्यूल उष्णता लागते. नंतर ज्योत अशी ठेवली की पाण्यात दर सेकंदाला एक किलोज्यूल जातंय, तर वीस मिनिटांत आणखी १२०० किलोज्यूल. म्हणजे तापवायला जेवढा गॅस लागला त्याच्या पाऊणपट गॅस नुसता उकळत ठेवायला, आणि त्या उष्णतेने झालं काय तर अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडून गेलं. जंतू पहिल्याच मिनिटात मेलेले.

पाणी गढूळ असेल तर मात्र वेळ वाढवून उपयोग नाही. आधी तासभर स्थिर ठेवा, वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा आणि मग उकळा.

उंचीचा घोळ

जितकं वर जाल तितका हवेचा दाब कमी, आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. अंदाजे दर तीनशे मीटरला एक डिग्री धरा. मुंबईत १००, पुण्यात ९८च्या आसपास, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णव. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे ८८. पँगाँग सव्वाचार हजारच्या आसपास, तिथे ८६. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर गोरक्षेपला ८३ वगैरे.

सीडीसीचा नियम असा की ६५०० फुटांच्या वर, म्हणजे साधारण दोन हजार मीटरच्या वर, एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं. आता गंमत अशी की आपलं कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, तेच १६४६ मीटर आहे. म्हणजे सह्याद्रीत कुठेही चढा, हरिश्चंद्रगड असो की साल्हेर, तीन मिनिटांचा नियम लागतच नाही, एक मिनिटावर काम होतं. मनाली या सीमेवर आहे, शिमला, उटी वर आहेत, केदारनाथ तर खूपच वर. तिकडे तीन.

"तिकडे डाळ शिजत नाही मग जंतू कसे मरणार" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. तर डाळ शिजणं आणि जंतू मरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डाळ मऊ व्हायला शंभरच्या जवळ बराच वेळ लागतो, दहा-बारा डिग्री कमी पडले की ती तासभर दगडासारखी राहते, म्हणून तिकडे कुकरशिवाय चालत नाही. जंतूंना एवढं लागत नाही. त्यातल्या त्यात चिवट म्हणजे कावीळ करणारा हिपॅटायटिस एचा व्हायरस, त्याच्यासाठी नेहमी दिला जाणारा आकडा ८५ डिग्रीला एक मिनिट असा आहे. लेहच्या ८८ला तो आरामात बसतो, पँगाँगच्या ८६ला जेमतेम, आणि गोरक्षेपच्या ८३ला आपण त्या आकड्याच्या खाली जातो. तापमान कमी पडतंय ते वेळ वाढवून भरून काढायचं, तीन मिनिटं येतात ती इथून. पाणी उंचावर "शुद्धच होत नाही" हे खरं नाही, आणि काही फरक पडत नाही हेही खरं नाही.

एक उदाहरण घेऊ. पँगाँगला टेंटमध्ये चौघं आहेत, छोटा कॅनिस्टरवाला स्टोव्ह आहे आणि ओढ्याचं दोन लिटर पाणी आहे, अगदी बर्फगार, पाच डिग्री धरू. (पँगाँगचं पाणी खारट आहे बरं का, ते उकळून पण पिण्यालायक होत नाही, शेजारून वाहत येणारा गोडा ओढा बघायचा.) पातेल्यावर झाकण ठेवा, वाऱ्याला आडोसा करा. ८६ला पोचायला साधारण ६८० किलोज्यूल लागतील. हेच पाणी मुंबईत शंभरला न्यायचं तर आठशेच्या थोडं खाली. म्हणजे वर उकळी लवकर येते म्हणून शंभरेक किलोज्यूल वाचले, आणि दोन मिनिटं जास्त उकळायला आपल्या त्याच सेकंदाला एक किलोज्यूलवाल्या ज्योतीला लागतात १२०. हिशोब जवळपास फिटला. तेव्हा कॅनिस्टर संपेल या भीतीने तीन मिनिटांत काटकसर करू नका, कॅनिस्टर खातो तो वारा आणि उघडं पातेलं. झाकण मिनिटभर उचलून खळखळ नक्की दिसतेय ना ते बघा, मोबाईलवर टायमर लावा, मग गॅस बंद करून झाकण न काढता निवू द्या.

आणि एक, लेहला हात चटकन भाजला नाही म्हणून "हे उकळलंच नाही" किंवा उलट "वाफ आली म्हणजे झालं" असं काही धरू नका. खळखळ बघा.

उकळल्यावर केलेली माती

उकळूनही पोट बिघडतंय अशी तक्रार आली की बहुतेक वेळा गडबड गॅसवर नसते, नंतरच्या भांड्यात असते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळताना उडून जातं, म्हणजे निवलेल्या पाण्याला पुढे कुणाचंच संरक्षण नाही. त्यात कालचाच न धुतलेला माठ, त्यात सगळ्यांनी बुडवलेला ग्लास, ग्लासाबरोबर बोटं. लवकर थंड व्हावं म्हणून कच्चं पाणी मिसळणं किंवा बाहेरचा बर्फ टाकणं तर थेट पहिल्यापासून सुरुवात. उकळलं त्याच भांड्यात झाकून निवू द्या, तोटीच्या टाकीत किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत भरा, माठच हवा असेल तर ओघराळ्याने काढा आणि आत हात घालू नका. रोजचं रोज उकळा, एक दिवसापेक्षा जास्त साठवू नका. हे सगळं ठीक असेल तर मग दात घासायचं पाणी आणि कोशिंबिरीच्या भाज्या धुवायचं पाणी कुठलं वापरता ते बघा.

पाणी पांचट लागतं? त्यातली हवा गेलीय, दोन स्वच्छ भांड्यांत वरून खाली ओतून घ्या किंवा चिमूटभर मीठ टाका. तळाला पांढरा चुरा दिसतोय? बोअरचं जड पाणी आहे, क्षार बाहेर पडलेत, धोका नाही, स्थिर होऊ द्या आणि वरचं पाणी घ्या.

धोका आहे तो न दिसणाऱ्या क्षारांत. फ्लोराईड, नायट्रेट, आर्सेनिक हे उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. यवतमाळकडच्या काही गावांत बोअरला फ्लोराईड आहे, तिथे वीस मिनिटं उकळण्याची सवय खरोखर उलटी पडते. खतं मुरलेल्या विहिरीच्या नायट्रेटचंही तेच, आणि ते पाणी तान्ह्या बाळाला तर अजिबात देऊ नका. पुरात विहिरीत डिझेल किंवा फवारणीचं औषध उतरलं असेल, तवंग किंवा वास असेल, तर ते पाणी गॅसवर ठेवूच नका. टँकरचं घ्या आणि विहीर उपसून पाणी लॅबला तपासायला द्या.