ताई आणि धाकट्याचा कॅरम बरोबरीचा करताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी असो की जुलैतला धो-धो पाऊस, ऐरोली-नेरूळपासून घोडबंदर रोडपर्यंत घराघरांत पलंगाखालचा कॅरमबोर्ड बाहेर निघतो. चौदा वर्षांची ताई सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रोज खेळून हात बसवून आलेली असते. आठ वर्षांच्या धाकट्याचा स्ट्रायकर अजून सरळही जात नाही. तिसऱ्या बोर्डाला तो रडत उठतो आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अगं, त्याला थोडे पॉइंट दे ना!" नेमकं इथेच गाडं चुकतं.

चूक पहिली: सुरुवातीलाच पॉइंट देऊन टाकणं

कॅरमचा गेम 25 पॉइंटांचा असतो. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके पॉइंट मिळतात. राणी त्यानेच कव्हर केलेली असेल तर आणखी 3 मिळतात. आता ताई-धाकट्याचे तीन बोर्ड मांडून पाहू. ताईने तिन्ही जिंकले आणि राणीही तिन्ही वेळा तिचीच. धाकट्याच्या सोंगट्या उरल्या 6, 7 आणि 5. म्हणजे ताईला मिळाले 9, मग 10, मग 8. बेरीज 27, गेम संपला.

धाकट्याला आधीच 10 पॉइंट दिले असते तर तो 10 विरुद्ध 27 असा हरला असता. 20 दिले तरी हरलाच असता, कारण पॉइंट मिळवायला आधी बोर्ड जिंकावा लागतो आणि तो एकही बोर्ड जिंकत नाही. फरक फळ्यावरच्या आकड्यांत नाही, पाळीच्या लांबीत आहे. कॅरममध्ये सोंगटी गेली की पुन्हा खेळायला मिळतं. ब्रेक करणारा पहिल्याच पाळीत नऊही सोंगट्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवू शकतो. त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात, आणि तेव्हा समोरच्याला स्ट्रायकरला बोट लावायलाही मिळत नाही. ताई काही स्लॅम मारत नाही, पण एका पाळीत चार-पाच सोंगट्या सहज घेते. तेवढा वेळ धाकटा नुसता बघत बसतो. म्हणून सवलत द्यायचीच तर ती पाळीत आणि सोंगट्यांत द्यायला हवी.

चूक दुसरी: अंदाजाने सवलत ठरवणं

"तू पाचच घे, ती नऊ घेईल" असं डोळे मिटून ठरवलं की सवलत एक तर कमी पडते नाही तर जास्त होते. आधी सवलतीशिवाय तीन बोर्ड खेळवा. तिन्ही वेळा ब्रेक धाकट्याला द्या, म्हणजे दोघांच्या पाळ्या सारख्या होतील. वहीत प्रत्येक पाळीला किती सोंगट्या गेल्या तेवढंच लिहा. वरच्या तीन बोर्डांची वही अशी दिसेल:

```
ताई    : 4 0 3 2 | 5 1 0 3 | 2 4 1 2   = 27
धाकटा : 1 0 2 0 | 1 0 1 0 | 2 0 1 1   = 9
```

दोघांनाही 12 पाळ्या मिळाल्या. ताईची सरासरी पाळीला सव्वादोन, धाकट्याची पाऊण. म्हणजे ताई तिप्पट वेगाने सोंगट्या घेते. फक्त सोंगट्या कमी करून हा फरक मिटवायचा तर धाकट्याला 3 सोंगट्यांवर खेळवावं लागेल. पण मग बोर्ड जवळजवळ रिकामा होतो, ताईच्या वाटेत अडथळाच राहत नाही, आणि ती एका दमात पाच-सहा घेऊन मोकळी होते.

म्हणून दोन सवलती एकत्र करायच्या. पहिली म्हणजे ताईला एका पाळीत जास्तीत जास्त 2 सोंगट्या. वहीतले 3, 4, 5 हे सगळे आकडे 2 वर आणले की तिच्या 12 पाळ्यांत 18 सोंगट्या होतात, म्हणजे सरासरी दीड. नऊ सोंगट्यांना तिला सहा पाळ्या लागतील. ब्रेक तिचा असेल (तो तिचाच का, ते पुढे येतं), तर तिच्या सहाव्या पाळीआधी धाकट्याच्या पाच पाळ्या होतात. पाऊण गुणिले पाच म्हणजे पावणेचार. म्हणून दुसरी सवलत अशी की धाकटा 4 सोंगट्यांवर खेळेल. आता पारडं कुठेही झुकू शकतं. एक जादा फायदाही होतो. ताई जिंकली तरी तिला जास्तीत जास्त 4 अधिक राणीचे 3 एवढेच पॉइंट मिळतात.

"एका पाळीत दोन" या नियमात भांडणाची दोन बिळं आहेत, ती आधीच बुजवा. एकाच फटक्यात दोन सोंगट्या गेल्या तर त्या दोन धरायच्या आणि पाळी संपवायची. राणी दुसरी सोंगटी म्हणून गेली तर कव्हरचा एक फटका मिळेल, मग कव्हर झालं किंवा नाही, पाळी संपली.

चूक तिसरी: वगळलेल्या सोंगट्या जाळीत टाकणं

ही चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सगळ्यात जास्त घात हीच करते. धाकट्याच्या पाच काळ्या "आधीच गेलेल्या" म्हणून त्याच्या पॉकेटच्या जाळीत टाकल्या जातात. मग त्याचा स्ट्रायकर पॉकेटमध्ये जातो. आठ वर्षांच्या मुलाचा तो दर बोर्डाला एक-दोनदा जातोच. नियमाप्रमाणे ड्यू म्हणून एक सोंगटी परत बोर्डावर येते. जाळीतून काढलेली ही सोंगटी त्याने जिंकलेली नसते, त्याच्या सवलतीतली असते. तीन फाउल झाले की 4 सोंगट्यांवर सुरू केलेला मुलगा 7 वर पोचतो, आणि "सवलत देऊनही हरतो" असा शिक्का बसतो.

म्हणून वगळलेल्या सोंगट्या डब्यात ठेवून झाकण लावा. ड्यू फक्त त्याने या बोर्डात स्वतः घेतलेल्या सोंगट्यांतून द्यायचा. एकही घेतली नसेल तर तो ड्यू पुढची सोंगटी जाईपर्यंत बाकी राहील, हे नेहमीच्या नियमासारखंच.

मांडणी करताना पाचही काळ्या बाहेरच्या बारा सोंगट्यांच्या कड्यातून काढा. राणीभोवतीच्या सहा सोंगट्यांना, म्हणजे तीन पांढऱ्या आणि तीन काळ्यांना, हात लावू नका. मधला गठ्ठा सैल झाला की ताईच्या ब्रेकलाच सोंगट्या उघड्या पडतात.

चूक चौथी: ब्रेक आणि राणी धाकट्याच्या गळ्यात मारणं

"लहान आहे, ब्रेक त्याला" हे ऐकायला प्रेमळ वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या ब्रेकने क्वचितच काही जातं, गठ्ठा मात्र फुटतो आणि उघडा बोर्ड ताईच्या हातात जातो. सरावाचे तीन बोर्ड झाले की ब्रेक कायम ताईचा ठेवा. दोनाच्या मर्यादेमुळे ती त्याचा फारसा फायदा घेऊ शकत नाही आणि फुटलेला गठ्ठा धाकट्याच्या वाट्याला येतो. ब्रेक करणाऱ्याच्या पांढऱ्या असतात, म्हणून धाकटा नेहमी काळ्यांवर.

राणीचा पेच वेगळा आहे. राणी कव्हर झालेली नसताना शेवटची सोंगटी घेतली तर बोर्ड हातचा जातो. नऊ सोंगट्यांवर खेळणाऱ्याला राणीची संधी बऱ्याच वेळा येते. चार सोंगट्यांवरचा मुलगा मात्र तीन घेऊन अडकतो. शेवटची काळी पॉकेटच्या तोंडाशी आणि राणी समोरच्या फ्रेमला चिकटलेली! तोवर ताई आरामात भरपाई करते. म्हणून राणीचं बंधन फक्त ताईवर ठेवा. धाकट्याने राणी न घेता शेवटची सोंगटी घेतली तरी बोर्ड त्याचा, फक्त राणीचे 3 पॉइंट त्याला नाहीत. राणी घेऊन कव्हर केली तर 3 पॉइंट त्याचेच.

चूक पाचवी: ताईला डाव्या हाताने खेळवणं

यात ताईचा खेळच मोडतो. ती चार दिवसांत वैतागते आणि महिन्याभरात तिचा डावा हातही बसतो, म्हणजे सवलत आपोआप झिजते. ताईने मुद्दाम चुकवणं त्याहून वाईट. कालपर्यंत बिनचूक कट मारणारी ताई आज सरळ सोंगटी सोडते, हे मुलाला दिसतं. गल्लीच्या खेळात ज्याला "कच्चा लिंबू" म्हणून बाद होण्यातून सूट मिळते, त्याला आपण मोजले जात नाही हे बरोबर कळतं. तसंच हे.

धाकट्याला स्ट्रायकर घसटायची किंवा बेसलाइनच्या पुढून मारायची मुभा देऊ नका. सोंगट्यांची संख्या उद्या वाढवता येते, वाकडी सवय मात्र दोन वर्षं जात नाही.

जुलैत अचानक सवलत पुरेनाशी होते तेव्हा

जूनपर्यंत सामने रंगत होते आणि आता धाकटा पुन्हा प्रत्येक बोर्ड हरतोय, तर आधी बोर्ड तपासा. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळी हवेत प्लायवूड ओल धरतं आणि पावडरच्या गुठळ्या होतात. ताई जास्त जोर लावून निभावते. धाकट्याच्या बोटात तेवढा जोर नसतो, त्याचा स्ट्रायकर अर्ध्यात थांबतो. कुणी न ठरवलेली ही उलटी सवलत असते, ताईला मिळणारी.

तपासायचं असं: रिकाम्या बोर्डावर धाकट्याला त्याच्या नेहमीच्या जोराने सरळ मारू द्या. स्ट्रायकर समोरच्या फ्रेमला लागून किमान मधल्या वर्तुळापर्यंत परत यायला हवा. येत नसेल तर जुनी पावडर कोरड्या सुती फडक्याने पूर्ण पुसा आणि बोर्डावर पिवळा बल्ब टांगून अर्धा तास ऊब द्या. कॅरमवर दिवा टांगतात तो उजेडासाठी, पण जुना पिवळा बल्ब पृष्ठभाग कोरडाही ठेवतो. मग चिमूटभर नवी पावडर हाताने पसरा आणि जास्तीची झटका. पावडर बोरिकची असते, म्हणून खेळ झाल्यावर हात धुवायचे, आणि खेळताना वेफर्सची वाटी शेजारी नको.

सवलत कधी बदलायची

प्रत्येक बोर्डानंतर बदलली तर दोघांनाही हरण्याला सबब मिळते. चार बोर्डांचा सेट धरा आणि बोर्ड कुणी किती जिंकले एवढंच लिहा. 2-2 आलं तर काहीही हलवू नका. लागोपाठ दोन सेट एकाच बाजूने 3-1 किंवा 4-0 गेले तरच एक सोंगटी इकडे-तिकडे करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सोंगटी आणि मर्यादा दोन्ही हलवल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आपल्या उदाहरणात धाकट्याने दोन सेट 3-1 घेतले की तो 4 वरून 5 सोंगट्यांवर जाईल. असं करत तो 9 वर पोचला की राणीचं बंधन त्यालाही लागू करा. त्यानंतर ताईची मर्यादा 2 वरून 3 करा, आणि ती सगळ्यात शेवटी काढा. ताईची परीक्षा आली आणि महिनाभर बोर्ड उघडलाच नाही, तर जुन्या आकड्यावरून सुरू करू नका. सरावाचे तीन बोर्ड पुन्हा खेळवा आणि वहीची नवी पानं काढा.