जिगसॉ पद्धतीने धडा शिकवताय? मग या चुका टाळा

जिगसॉ म्हणजे काय हे बहुतेक शिक्षकांना आता ट्रेनिंगमधून माहीत झालंय. धड्याचे चार-पाच भाग करायचे, वर्गाचे तेवढ्याच मुलांचे होम ग्रुप करायचे, ग्रुपमधल्या प्रत्येक मुलाला एक भाग द्यायचा, एकाच भागाची मुलं एक्सपर्ट ग्रुपमध्ये एकत्र बसून तो भाग पक्का करणार आणि मग आपापल्या होम ग्रुपमध्ये परत जाऊन बाकीच्यांना शिकवणार. 1971 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे सुरू केलं, तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलतही नव्हती, त्यावरचा तो उपाय होता. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्ष वर्गात तासभर गोंधळ होतो आणि शेवटी कुणालाच काही आलेलं नसतं अशी तक्रार सारखी ऐकू येते. त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ ठरावीक पाच-सहा जागी असतं.

उदाहरण म्हणून आठवीच्या विज्ञानातला 'आरोग्य व रोग' हा धडा घेऊ, कारण तो या पद्धतीला मस्त बसतो. वर्गात 43 मुलं धरू, पिरियड 35 मिनिटांचा आणि असे दोन पिरियड.

धडा पानांवर कापणे

पहिली दोन पानं एकाला, पुढची दोन दुसऱ्याला, असं वाटप सर्रास होतं. आता पचनसंस्थेचा धडा असा कापला तर लहान आतड्याचा भाग मिळालेल्या मुलाला जठरात काय झालं हेच माहीत नसतं, मग तो काय समजणार आणि काय शिकवणार? एकावर एक रचलेला धडा किंवा गणितातली सिद्धता यासाठी जिगसॉ वापरूच नका. भाग असे हवेत की कुठलाही आधी वाचला तरी चालेल. आपल्या धड्यात पाच रोग घेतले, क डेंग्यू, ख रेबीज, ग क्षयरोग, घ स्वाइन फ्लू, च मधुमेह, तर प्रत्येक रोग स्वतंत्र आहे आणि चौकट सगळ्यांची एकच आहे, म्हणजे कशामुळे होतो, कसा पसरतो, लक्षणं काय आणि काय करायचं. चौकट एकच असली की ऐकणाऱ्यालाही पुढे काय येणार ते कळतं.

एक्सपर्ट ग्रुप फुगणे

हे गणित आधी कागदावर करा, कारण वर्गात सुचत नाही. 43 मुलं आणि 5 भाग म्हणजे 8 होम ग्रुप, त्यात 40 मुलं बसली आणि 3 उरली. ती उरलेली तीन मुलं 1, 2 आणि 3 नंबरच्या ग्रुपमध्ये सहावी म्हणून टाका आणि तिथल्या एखाद्या मुलाबरोबर जोडीने एकच भाग द्या, तिघांना तीन वेगळे भाग. ही जोडी शक्यतो वाचनात मागे असलेल्या किंवा वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाबरोबर लावा.

इथपर्यंत बरेच जण करतात. पण आठ होम ग्रुप म्हणजे प्रत्येक रोगाचे आठ-नऊ एक्सपर्ट, आणि नऊ मुलं एका टेबलावर बसली की तीन बोलतात आणि सहा ऐकल्यासारखं करतात. म्हणून प्रत्येक भागाची दोन टेबलं करा, पहिल्या टेबलावर ग्रुप 1 ते 4 ची मुलं, दुसऱ्यावर 5 ते 8 ची. अशी दहा टेबलं होतात, चार-पाच जणांची. जागा नसेल तर दोन-तीन टेबलं व्हरांड्यात बसवा. प्रत्येकाला 5-ग अशी चिठ्ठी द्या, म्हणजे हा पाच नंबरच्या ग्रुपमधला क्षयरोगवाला. टेबलांची नावं भिंतीवर आधीच चिकटवलेली असली आणि दप्तरं जागेवरच राहिली तर हलण्यात वेळ जात नाही. आणि ग्रुप मुलांना स्वतःला करू देऊ नका, मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र बसल्या की हुशार एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे हे ठरलेलं.

एक्सपर्ट टेबलावर कुणी तपासतच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात कमी लक्ष याच्याकडे जातं. नेहमीच्या वर्गात एका मुलाचा गैरसमज त्याच्यापुरता राहतो, पण इथे क्षयरोगाच्या एका टेबलावर चुकीचं ठरलं की तेच चार मुलं चार ग्रुपमध्ये घेऊन जातात आणि अर्ध्या वर्गाला शिकवतात, तेही आत्मविश्वासाने. आणि या धड्यात गैरसमज घरूनच आलेले असतात. डेंग्यूचा डास गटारीत होतो असं मुलं सांगतात, प्रत्यक्षात एडिस इजिप्ती डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे घरातला पिंप, कूलर, कुंडीखालची थाळी, आणि चावतो मुख्यतः दिवसा. कुत्रा चावला की हळद नाहीतर मिरची भरायची हे कुणीतरी आजीकडून ऐकलेलं असतं. साखर जास्त खाल्ली की मधुमेह होतो हे तर बऱ्याच मोठ्यांनाही खरं वाटतं.

फिरून तपासू म्हणाल तर दहा टेबलं पाच मिनिटांत तोंडी तपासून होत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक टेबलावर तीन प्रश्नांची चिठ्ठी आणि बंद पाकिटात त्यांची उत्तरं ठेवा. प्रश्न असे हवेत की नेमका गैरसमज त्यात सापडेल. रेबीजच्या टेबलाला विचारा, चावल्यावर पहिल्यांदा काय करायचं? उत्तर, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, वर काही भरायचं नाही, आणि लगेच दवाखान्यात जायचं. क्षयरोगाच्या टेबलाला विचारा, दोन महिन्यांनी बरं वाटायला लागलं तर गोळ्या थांबवायच्या का? नाही, साधारण सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा, मध्येच सोडला तर उरलेले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. टेबलाने आधी स्वतःची उत्तरं लिहायची आणि मगच पाकीट उघडायचं. ज्यांचं जुळलं नाही त्यांनी हात वर करायचा, तुम्ही फक्त तिथे जायचं.

पहिला पिरियड असा बसतो, 5 मिनिटं चिठ्ठ्या आणि जागा, 8 मिनिटं प्रत्येकाने आपला भाग एकट्याने वाचणं, 15 मिनिटं चर्चा आणि 5 मिनिटं पाकीट. एकट्याने वाचायची 8 मिनिटं कापू नका, नाहीतर चर्चेत एकजण वाचून दाखवतो आणि बाकीचे ऐकतात. चर्चेतही फक्त 'समजलं का' एवढंच नको, आपण हे चार मिनिटांत कसं सांगायचं, कुठली आकृती काढायची, कुठला प्रश्न विचारायचा हे ठरलं पाहिजे आणि प्रत्येकाने एकदा टेबलावर बोलून बघितलं पाहिजे.

शिकवण्याऐवजी डिक्टेशन

होम ग्रुपमध्ये परत आल्यावर एक्सपर्ट वही उघडतो, वाचतो आणि बाकीचे भराभर लिहून घेतात. लांबून बघितलं तर वर्ग फार शिस्तीत चाललाय असं वाटतं, पण ओळखायची खूण सोपी आहे, कुणी मान वर करत नाही आणि कुणी प्रश्न विचारत नाही.

उपाय दोन. एक, एक्सपर्टला फक्त हाताएवढा कागद, त्यावर जास्तीत जास्त सहा शब्द आणि एक चित्र, वही बंद. दोन, ऐकणाऱ्यांना काम द्या. रिकामा तक्ता प्रत्येकाकडे असू दे, पाच ओळी आणि चौकटीचे चार रकाने, आणि तो सांगून झाल्यावरच भरायचा. शिवाय ग्रुपला एक असा प्रश्न द्या जो पाचही भागांशिवाय सुटणार नाही. इथे मी विचारेन, या पाचपैकी कुठला रोग पेशंटच्या शेजारी बसल्याने होऊ शकतो, कुठला नाही आणि का? क्षयरोग आणि स्वाइन फ्लू खोकण्या-शिंकण्यातून पसरतात, डेंग्यूला डास लागतो, रेबीज बहुतेक वेळा चावण्यातून होतो आणि मधुमेह पसरतच नाही. एकजण जरी नीट बोलला नाही तरी हा प्रश्न अडतो, म्हणून मग बाकीचे त्याला आपणहून विचारायला लागतात.

अडखळणाऱ्या मुलाचा भाग दुसऱ्याने ओढून घेणे

ग्रुपमधल्या हुशार मुलाला धीर नसतो, 'थांब मी सांगतो' म्हणून तो सुरू होतो, आणि शिक्षकालाही वेळ वाचल्यासारखं वाटतं. असं होऊ देऊ नका, नाहीतर पद्धतच मोडली. अॅरन्सन यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे, कार्लोस नावाने, इंग्रजी कच्चं असलेला मुलगा, तो अडखळायला लागला की ग्रुपमधली मुलं टोमणे मारायची. तिथल्या मोठ्या माणसाने त्यांना ओरडा दिला नाही, एवढंच सांगितलं की याला चिडवून तुम्हाला परीक्षेत काही येणार नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे. कार्लोसच्या भागाची माहिती फक्त त्याच्याकडेच होती, म्हणून मुलं त्याला छोटे छोटे प्रश्न विचारायला शिकली आणि त्या प्रश्नांना तो उत्तरं देऊ लागला. आपल्या वर्गातही हेच करा, ग्रुपलीडरला आधीच सांगून ठेवा की मध्ये बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा. 'डास कुठल्या पाण्यात होतो?' एवढा प्रश्नही पुरतो.

शेवटी टेस्ट न घेणे, किंवा ग्रुपला मार्क देणे

दुसऱ्या पिरियडला 3 मिनिटं बसायला, प्रत्येक भागाला 4 प्रमाणे 20 मिनिटं आणि शेवटची 10 मिनिटं टेस्ट. दहा छोटे प्रश्न, प्रत्येक भागावर दोन, प्रत्येकाने एकट्याने सोडवायची आणि मार्क ज्याचे त्याला. टेस्ट आहे हे मुलांना सुरुवातीलाच माहीत हवं.

ही टेस्ट नुसती मार्कांसाठी नाही, कुठे बिघडलं ते तिच्यातून दिसतं, म्हणून पेपरवर 5-ग असा कोड लिहून घ्या. समजा क्षयरोगाच्या गोळ्यांचा प्रश्न चुकलाय. तो ग्रुप 5 ते 8 मध्ये सगळ्यांचा चुकला, अगदी तिथल्या एक्सपर्टचाही, तर क्षयरोगाच्या दुसऱ्या टेबलावरच चुकीचं ठरलं होतं, पाकीट बहुतेक नीट बघितलंच नाही. फक्त ग्रुप 4 मध्ये चुकला पण 4-ग चं उत्तर बरोबर आहे, तर त्याला येत होतं, सांगणं जमलं नाही किंवा वेळ संपला. सगळ्या ग्रुपमध्ये एक्सपर्ट बरोबर आणि बाकीचे चूक असं असेल तर शिकवण्याचा टप्पाच डिक्टेशनमध्ये गेला. आपला भाग चांगला येणं आणि बाकीचे जरा कच्चे राहणं हे या पद्धतीत थोडंफार होतंच, म्हणून पुढच्या तासाला दहा मिनिटं ठेवा आणि जास्त चुकलेले दोन प्रश्न स्वतः फळ्यावर घ्या.

शिक्षण संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या जिगसॉ 2 या बदललेल्या पद्धतीत सगळी मुलं आधी पूर्ण धडा वाचतात आणि मग एक्सपर्ट होतात. ज्या वर्गात गैरहजेरी जास्त आहे तिथे हे बरं पडतं, कारण एक्सपर्ट आला नाही तरी त्याचा रोग कुणीच वाचलेला नाही असं होत नाही. तेवढा वेळ नसेल आणि दुसऱ्या दिवशी समजा 6-ख आलाच नाही, तर रेबीजच्या चार मिनिटांपुरता अख्खा सहावा ग्रुप सातव्याच्या शेजारी खुर्च्या घेऊन बसवा आणि 7-ख कडून ऐकू द्या, पुस्तकातून वाचून घ्या असं सांगू नका.