झिरो काढले की बेरीज आधी तपासा, नुसता गुणाकार नको

काल नाशिकरोडला ताईकडे गेलो होतो, भाची दहावीचं वर्कशीट सोडवत बसलेली. गणित होतं 2x² − 15 − 7x चे झिरो काढा आणि सहगुणकांशी संबंध पडताळा. तिने झिरो काढले −5 आणि 3/2, गुणाकार आला −15/2, c/a पण −15/2, म्हणून खूश होऊन टिक मारून पुढे निघाली.

मी म्हटलं थांब गं, बेरीज कर आधी. −5 + 3/2 म्हणजे −7/2, आणि −b/a येतं 7/2. आकडा तोच, चिन्ह उलटं! असं दिसलं की समजायचं दोन्ही झिरोंची चिन्हं उलटी लिहिलीत. अवयव बरोबर होते, (2x + 3)(x − 5), पण तिने कंसातलंच चिन्ह उचललं, शून्याशी बरोबरी केलीच नाही. दोन्ही चिन्हं उलटली तरी गुणाकार बदलत नाही ना, म्हणून तो ही चूक पकडूच शकत नाही. खरे झिरो 5 आणि −3/2.

आणि हो, पडताळणीआधी पदं ओळीत लावून घ्या, 2x² − 7x − 15. नाहीतर घाईत b = −15 धरलं जातं, मग −b/a 15/2 येतं आणि बरोबर उत्तर खोडलं जातं, हे मी खूप वह्यांत बघितलंय. वर्गबहुपदीत a, b, c नीट घेऊन बेरीज आणि गुणाकार दोन्ही जुळले तर झिरो शंभर टक्के बरोबर, परत किंमत घालून बघायची गरज नाही.